मशीन दिसावं, पण वेळही दिसावी

चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाचं मशीन समोरून दाखवायच्या दोन पद्धती आहेत. स्केलेटनमध्ये तबकडी जवळजवळ काढूनच टाकतात आणि मशीनच्या पट्ट्याही कोरून पोकळ करतात. हे कसब अठराव्या शतकातलं; पॅरिसच्या आंद्रे-शार्ल कारोंला त्याचं श्रेय दिलं जातं. ओपन-हार्टमध्ये तबकडी शाबूत असते, फक्त बॅलन्स व्हीलच्या जागी तिला एक खिडकी असते. ही कल्पना मात्र अलीकडची. स्विस कंपनी फ्रेडरिक कॉन्स्टंटने १९९४ मध्ये ‘हार्ट बीट’ हे घड्याळ आणलं आणि पुढे ती रचना सगळीकडे पसरली.

दोन्हींची तुलना करायला सायकोच्या एका मशीनचं उदाहरण सोयीचं पडतं. त्याचं ओपन-हार्ट रूप एनएच३८ आणि स्केलेटन रूप एनएच७०. अनेक छोट्या कंपन्यांच्या घड्याळांत हीच मशीन्स असतात. दोन्हींचं मूळ एकच असल्यामुळे फरक उरतो तो फक्त आपल्याला काय दिसतं याचा.

दिसतं काय? स्केलेटनमध्ये भाग जास्त दिसतात, हे उघडच आहे. पण त्यातले हलताना दिसणारे किती? मिनिटाचं चाक तासाला एक फेरी घेतं. मुख्य स्प्रिंगची डबी त्याहूनही सुस्त, तिच्या एका फेरीला कित्येक तास लागतात. त्यांच्याकडे कितीही टक लावून पाहा, ती थांबलेलीच वाटतील. सेकंदाचं चाक तेवढं फिरताना जाणवतं. खरी धावपळ बॅलन्स व्हील आणि त्याच्या शेजारच्या एस्केपमेंटमध्ये असते. या मशीनमध्ये तासाला २१,६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सहा. एनएच३८ च्या खिडकीतून, साधारण नऊच्या आकड्याजवळ, नेमकं हेच दिसतं. थोडक्यात, ओपन-हार्ट धातू कमी दाखवतं, पण हालचाल बरीचशी दाखवतं. स्केलेटनची एक गोष्ट मात्र त्याला जमत नाही. काही स्केलेटनमध्ये स्प्रिंगची डबीही कोरलेली असते; मग चावी भरल्यावर वेटोळी मधल्या दांड्याशी घट्ट आवळलेली दिसतात आणि उतरली की डबीच्या भिंतीला जाऊन चिकटतात. मला स्केलेटनमधली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. (पाठही काचेची असेल, तर आरपार स्वतःच्या मनगटावरचे केसही दिसतात. तो भाग तितकासा सुंदर नाही.)

आता वेळ वाचण्याचं. पॉलिश केलेले स्टीलचे काटे चकचकीत स्टीलच्या चाकांवरून फिरले, तर तासाचा काटा गर्दीत हरवतो. चांगले कारागीर यावर उपाय करतात: काटे निळे किंवा काळे ठेवतात, कडेला आकड्यांची स्पष्ट कडी देतात, खालचं मशीन गडद रंगाचं करतात. दुकानात घड्याळ हातभर लांब धरा, ट्यूबलाइटखाली क्षणभर पाहा आणि नजर वळवून वेळ सांगा. अडखळलात, तर रोज अडखळाल. ओपन-हार्टमध्ये हा त्रास क्वचितच होतो; फार तर एखादी खूण खिडकीत जाते.

धुळीबद्दल मोठा गैरसमज आहे. तबकडीला भोक पडलं म्हणून बाहेरची धूळ आत येत नाही. तिला अडवतात काच, पाठ आणि चावीपाशी बसवलेल्या रबरी कड्या. त्या जुन्या होऊन कडक झाल्या, की अखंड तबकडीचं घड्याळही धूळ आणि ओल आत घेतं. खरा धोका आतल्या आतला असतो: काट्यावरच्या चमकत्या रंगाचा सुटलेला कण, काटे बसवताना राहिलेला कापडाचा धागा. अखंड तबकडी असला कण बराचसा वरच अडवते. ओपन-हार्टमध्ये तो थेट बॅलन्सवर पडू शकतो, स्केलेटनमध्ये कुठेही. चाकाच्या दातांत अडकला, तर घड्याळ मध्येच थांबतं. हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकला, तर ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे धावतं. या मशीनला कंपनीच्या मापानुसार दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सवलत आहे. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर कण किंवा चुंबकत्व यांपैकी एखादं कारण असण्याची शक्यता मोठी. चुंबकत्व घड्याळजी तिथल्या तिथे काढतो. कणासाठी मशीन उघडावं लागतं.

खरेदीत आणखी एक सावधगिरी. सहाच्या आकड्याजवळ खिडकी असलेलं स्वस्त घड्याळ कधीकधी ‘टूरबियाँ’ म्हणून गळ्यात मारतात. टूरबियाँमध्ये बॅलन्ससकट त्याचा सगळा पिंजराच गोल फिरतो, बहुधा मिनिटाला एकदा. बॅलन्स जागच्या जागी मागेपुढे हलत असेल, तर ते साधं ओपन-हार्ट आहे.

रोज घालायला एकच घड्याळ घ्यायचं असेल, तर काचेची पाठ असलेलं ओपन-हार्ट घ्या. स्केलेटन घ्यायचं ते दुसरं घड्याळ म्हणून.