जुनी गाडी घेताना : पट्टा की साखळी?

ईदनंतर आमच्या मामूंच्या घरी जुनी गाडी घ्यायचे ठरले. मामींचे माहेर रत्नागिरीला, त्यामुळे आंबा घाटातून वर्षातून चार-पाच फेऱ्या ठरलेल्या. कोल्हापुरात दोन ह्युंदाई आय-टेन पसंत पडल्या. दोन्ही २०१२ च्या, पेट्रोलच्या, बाहेरून अगदी सारख्या. एक १.१ लिटर इंजिनाची, ७८ हजार किलोमीटर चाललेली, किंमत १ लाख ८५ हजार. दुसरी १.२ लिटरची, ९२ हजार चाललेली, किंमत २ लाख १५ हजार. घरातल्या सर्वांचा कल दुसरीकडे होता. “तिला साखळी आहे, खर्चच नाही,” असे विकणाऱ्याने सांगितले होते.

आम्ही दोन्ही गाड्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींना दाखवल्या. त्यांनी आधी ही साखळी काय ते समजावले. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा झालाच पाहिजे. हा मेळ राखण्यासाठी दोघांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा किंवा लोखंडी साखळी असते. १.१ च्या इंजिनात पट्टा, १.२ च्या इंजिनात साखळी. नाव एक, बॉडी एक, पण खर्चाचा हिशेब वेगळा.

पट्टा ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे झाली की बदलावाच लागतो. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे, कारण गाडी उभी राहिली तरी रबर कडक होऊन चिरते. मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. पट्टा तुटण्याआधी बहुधा काही आवाज करत नाही. चालत्या गाडीत तो तुटला की कॅम जागीच थांबतो, काही वॉल्व्ह उघडे राहतात आणि अनेक इंजिनांत खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उघडावे लागते.

साखळी तेलात फिरते आणि नीट जपली तर बहुधा इंजिनाइतकीच टिकते. पण तिचा जीव तेलात आहे. तेल वेळेवर बदलले नाही तर साखळीच्या पिना झिजतात, ती लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनरही अनेक इंजिनांत तेलाच्या दाबावरच चालतो. म्हणून मिस्त्रींनी दुसरी गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितली आणि सकाळी बॉनेट उघडून थंड इंजिन चालू केले. साखळीच्या बाजूने खडखड आवाज आला आणि काही सेकंदांनी थांबला. तेलाची कांडी काढली तर तेल काळे, घट्ट. सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या, त्या नव्हत्या. गरम गाडी दाखवायला आणली असती तर हा आवाज कळलाच नसता.

पहिल्या गाडीचे प्लॅस्टिकचे झाकण काढून पट्टा पाहिला. दातांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या आणि कडेला तेलाचा ओलावा. बदलल्याची पावती नव्हतीच. म्हणजे ही गाडीसुद्धा खर्चाचीच.

मग मिस्त्रींच्या अंदाजावरून कागदावर हिशेब मांडला. पहिलीला पट्टा, टेन्शनर, गळणारे तेलसील आणि मजुरी मिळून ७ हजार. एकूण १ लाख ९२ हजार. दुसरीला साखळी, टेन्शनर, गाइड आणि मजुरी मिळून १८ हजार, कारण पुढचे सगळे झाकण उघडावे लागते. एकूण २ लाख ३३ हजार. फरक ४१ हजारांचा. पहिलीचा पट्टा न बदलता तशीच वापरली आणि तो तुटला, तर हेडच्या कामाला २५ हजारांच्या आसपास, शिवाय घाटात बायका-मुलांसह अडकणे वेगळे.

मामूंनी चिरलेला पट्टा दाखवून ५ हजार कमी करून घेतले आणि पहिली गाडी घेतली. रत्नागिरीचा बेत आठवडाभर पुढे ढकलला. आधी पट्टा बदलला. टेन्शनरही नवा टाकला, कारण त्याचे बेअरिंग अडकले तर नवा पट्टाही जातो. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो, तिथे पंपही त्याच वेळी पाहून घ्यावा, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मामूंनी कागदावर लिहून बॉनेटखाली चिकटवले.

यावरून साखळी वाईट असे कोणी समजू नये. दुसऱ्या गाडीच्या तेलाच्या पावत्या असत्या आणि थंड इंजिन शांत चालले असते, तर आम्ही तीच घ्या म्हटले असते. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा आधी विचारा : पट्टा की साखळी? पट्टा असेल तर बदलल्याची पावती मागा. नसेल तर बदलायचा खर्च किमतीत धरा. साखळी असेल तर तेलाच्या पावत्या मागा आणि सकाळी, इंजिन थंड असतानाच, पहिला आवाज स्वतः ऐका.