दोन शिंगांचा एडका आणि पश्चिमेचा बोकड

बायबलमधली दर्शनं प्रौढांच्या वर्गात वाचायची ठरली की बहुतेकांना थेट प्रकटीकरणाकडे, ६६६ या आकड्याकडे जायचं असतं. मी दानीएलाच्या आठव्या अध्यायापासून सुरुवात करते. कारण सरळ आहे. या अध्यायात दर्शन आहे आणि त्याच पानावर त्याचा उलगडाही आहे. ग्रंथ स्वतःची चित्रं कशी उकलतो, हे आधी पाहिलं की पुढच्या, न उकललेल्या चित्रांपाशी माणूस जपून बोलतो.

शूशन नगरात, उलई नदीच्या काठी दानीएलाला एक एडका दिसतो. त्याला दोन शिंगं आहेत आणि जे नंतर उगवलं तेच जास्त उंच आहे. मग पश्चिमेकडून एक बोकड येतो. त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि त्याच्या डोळ्यांच्या मधोमध एकच ठळक शिंग आहे. तो एडक्याला तुडवतो, पण ऐन बळात असतानाच त्याचं शिंग मोडतं आणि त्या जागी चार शिंगं फुटतात.

इथे थांबून वर्गाला मी चित्र काढायला लावते. अर्थ सांगायला बंदी. मगच विसाव्या आणि एकविसाव्या वचनाकडे जायचं. गब्रीएल स्वच्छ सांगतो, की एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचं राज्य आणि मोठं शिंग त्याचा पहिला राजा. आता तपशील आपोआप जुळतात. आधी मेदी लोक प्रबळ होते, पारसी मागून येऊन वरचढ झाले. अलेक्झांडर इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात उतरला आणि ३३१ पर्यंत त्याने पारसी साम्राज्य मोडून काढलं. जमिनीला न टेकणारे पाय म्हणजे हा वेग. इ.स.पू. ३२३ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या आतच, तो बाबेलात वारला आणि राज्य त्याच्या सेनापतींत वाटलं गेलं. हे लिखाण दानीएलाच्या काळातलं की इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, यावर मतभेद आहेत. पण दोन्ही बाजूंचे अभ्यासक बोकड ग्रीसचाच मानतात.

चारांपैकी एका शिंगातून एक लहान शिंग निघतं, ते नित्याचं बलिदान बंद पाडतं आणि पवित्रस्थान पायदळी तुडवतं. त्याचं नाव गब्रीएल सांगत नाही. सीरियाचा राजा चौथा अँटिओकस इथे चपखल बसतो. त्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परक्या दैवताची वेदी मांडली; १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध झालं आणि त्याच स्मरणार्थ यहुदी लोक हनुक्का पाळतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांमध्ये पूर्वज याच राजाच्या छळातून निसटून आल्याची एक समजूत आहे. वर्गात हे सांगितलं की दूरचा अँटिओकस एकदम अलिबागजवळ येतो.

मग येतो आकडा. पवित्रस्थान किती काळ तुडवलं जाईल? २३०० संध्याकाळ-सकाळ. मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक बलिदान होई. ती दोन वेगळी मोजली तर ११५० दिवस होतात, म्हणजे तीन वर्षांहून थोडे जास्त. वेदी भ्रष्ट झाल्यापासूनची तीन वर्षं म्हणजे सुमारे १०९५ दिवस. जवळ येतं, पण नेमकं जुळत नाही. दुसरे वाचक पूर्ण २३०० दिवस धरतात. ती सहा वर्षांहून जास्त होतात आणि मोजणी छळाच्या आधीच्या घटनांपासून सुरू करावी लागते. मी दोन्ही हिशेब फळ्यावर मांडते आणि उरलेला फरक पुसत नाही.

हा फरक सहन झाला नाही की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. विल्यम मिलर या शेतकऱ्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, सुरुवात इ.स.पू. ४५७ ला मानली आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाचं वर्ष काढलं. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. कित्येकांनी पिकं शेतात तशीच सोडली. तो दिवस आला आणि गेला. गणित अचूक होतं. पण दिवसाचं वर्ष करायला आठव्या अध्यायातलं कुठलंच वचन सांगत नाही. सुरुवातीचं सालही तिथलं नाही.

म्हणून कुणी विचारलं, “ताई, ते लहान शिंग म्हणजे आजचा अमुक नेता असेल का?” तर मी वचन विचारते. असेल तर वाचू. नसेल तर तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात ‘अंदाज’ म्हणून लिहायचा. विचारणाऱ्याला हसायचं मात्र नाही; अशा प्रश्नामागे बहुतेक वेळा कुठलं तरी भयानक प्रवचन ऐकून उडालेली झोप असते. स्वतः दानीएल हे दर्शन पाहून कित्येक दिवस आजारी होता आणि मग उठून राजाच्या कामाला लागला, हे सत्ताविसावं वचन मी त्यांना मोठ्याने वाचायला देते.

यानंतर मागे, सातव्या अध्यायाकडे वळायचं. तिथे चार श्वापदं आहेत आणि एकाही राज्याचं नाव दिलेलं नाही. मेदी आणि पारसी वेगळे मोजले तर चौथं श्वापद ग्रीस ठरतं, एकत्र मोजले तर रोम. आठव्यात दोघांचा मिळून एकच एडका आहे, हे रोमच्या बाजूचं बोलतं. दोन्ही अध्यायांतली लहान शिंगं सारखी वागतात, हे ग्रीसच्या बाजूचं.