प्री-एम्प्शन, टॅग आणि ड्रॅग: तुमच्या १५ टक्क्यांचं नक्की काय होतं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे गाळलेत.)

मित्राच्या कंपनीत पैसे टाकलेत, किंवा पगाराऐवजी थोडे शेअर्स घेतलेत, असे तुमच्यापैकी बरेच जण असतील. तेव्हा चाळीसेक पानांचा शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंट समोर आला आणि आपण शेवटच्या पानावर सही केली. आज त्यातली तीनच कलमं मराठीत आणायची आहेत: प्री-एम्प्शन, टॅग-अलाँग आणि ड्रॅग-अलाँग.

भाषांतरातली मेख पहिल्याच शब्दात आहे. तिन्ही कलमांत ‘राइट’ आहे, आपण त्याला ‘हक्क’ म्हणतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिन्ही हक्क आपलेच. तसं नाहीये. म्हणून प्रत्येक कलम वाचताना दोन प्रश्न विचारायचे: हक्क कोणाचा? आणि बंधन कोणावर?

एक उदाहरण धरू. कंपनीचे एकूण १०,००० शेअर्स. संस्थापकाकडे ६,०००, दुसऱ्या भागीदाराकडे २,५०० आणि तुमच्याकडे १,५००, म्हणजे १५ टक्के. तुम्ही प्रत्येक शेअर ४०० रुपयांना घेतलात, म्हणजे ६ लाख रुपये टाकलेत. संस्थापकाने सुरुवातीला १० रुपयांना घेतले होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्री-एम्प्शन: ‘बाहेरच्याआधी मला विचारा’

इथे हक्क तुमचा, बंधन विकणाऱ्यावर. संस्थापकाला १,००० शेअर्स बाहेरच्या माणसाला ५०० रुपयांनी विकायचे आहेत. आधी त्याने तुम्हा दोघांना त्याच भावाने नोटीस द्यायची. दोघांमध्ये वाटणी २,५०० ला १,५००, म्हणजे पाचास तीन. तुमच्या वाट्याला ३७५ शेअर्स, त्यासाठी १,८७,५०० रुपये. करारात मुदत दिलेली असते, समजा ३० दिवस. त्यात उत्तर दिलं नाही तर बहुतेक करारांत त्याचा अर्थ ‘नको’ असाच लावतात. गप्प बसणं हेही उत्तरच आहे.

हेच तत्त्व नवीन शेअर्सनाही लागू होतं. कंपनीने २,५०० नवीन शेअर्स काढले आणि सगळे बाहेरच्याला दिले, तर तुमचे १,५०० तेवढेच राहतात, पण १२,५०० पैकी. १५ टक्क्यांचे १२ झाले. ‘पण कायदा आहे ना?’ आहे. कंपनी कायदा २०१३, कलम ६२ म्हणतं की नवीन शेअर्स आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करा. पण त्याच कलमात वाटही आहे: विशेष ठराव करून बाहेरच्याला देता येतात. विशेष ठरावाला विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने लागतात. संस्थापक आणि भागीदार मिळून ८५, तुम्ही १५. ठराव तुमच्याशिवाय आरामात पास. म्हणून करारातलं वेगळं प्री-एम्प्शन कलम तुमच्यासाठी महत्त्वाचं, आणि त्यात ‘नवीन शेअर्स’ हे शब्द आहेत का ते बघायचं.

टॅग-अलाँग: ‘तू विकतोयस, तर माझेही त्याच भावाने’

हाही हक्क तुमचा. समजा एक मोठी कंपनी आली: ‘६,००० शेअर्स हवेत, ८०० रुपये देतो.’ टॅग नसेल तर संस्थापक सगळे पैसे घेऊन निघून जातो आणि तुम्ही अनोळखी मालकाखाली १५ टक्के धरून बसता. तुमचे शेअर्स त्या भावाने घेण्याची त्याला गरजच उरत नाही.

टॅगचे दोन प्रकार असतात. प्रमाणातला टॅग असेल तर खरेदीदाराला ६० टक्के हवेत म्हणून प्रत्येकाचे ६० टक्के जातात: संस्थापकाचे ३,६००, भागीदाराचे १,५००, तुमचे ९००. तुम्हाला ७,२०,००० रुपये मिळतात आणि ६०० शेअर्स हातात राहतात. पूर्ण टॅग असेल तर संस्थापकाच्या हातून कंपनीचा ताबा जात असताना तुम्ही सगळे १,५०० विकू शकता, म्हणजे १२ लाख. करारात नुसतं ‘टॅग-अलाँग’ वाचून थांबू नका, यातला कोणता ते शोधा.

आता एक पळवाट. ‘त्याच अटींवर’ असं लिहिलंय, पण खरेदीदार संस्थापकाला शेअर्सचे ८०० देतो आणि वेगळ्या कागदावर मोठी ‘सल्ला फी’ही देतो. खरी किंमत ८०० च्या वर गेली, तुम्हाला मात्र ८०० च. म्हणून मराठीत कलम असं वाचता आलं पाहिजे: ‘विक्रेत्याला या व्यवहारातून कोणत्याही रूपाने मिळणारा मोबदला किमतीत धरला जाईल.’ आणि पुढचं वाक्य: ‘खरेदीदाराने टॅग केलेले शेअर्स घेतले नाहीत तर विक्रेत्यालाही आपले विकता येणार नाहीत.’ हे दुसरं वाक्य नसेल, तर टॅग कागदावरच राहू शकतो.

ड्रॅग-अलाँग: ‘आम्ही विकतोय, तुलाही विकावंच लागेल’

इथे बाजू उलटते. हक्क बहुमतवाल्यांचा, बंधन तुमच्यावर. हेतू रास्त आहे: पूर्ण कंपनी हवी असणारा खरेदीदार एका १५ टक्केवाल्यामुळे अडू नये. पण तुमचं नुकसान कसं होतं बघा. दिवस वाईट आले, ३०० रुपयांची ऑफर आली. संस्थापकाचे १० रुपयांचे ३०० होतात, तो खूश. तुमचे ६ लाखांचे ४,५०,००० होतात. आणि ड्रॅगच्या कलमात बहुतेकदा मुखत्यारपत्रही दडलेलं असतं: तुम्ही सही केली नाही तर तुमच्या वतीने दुसरा कुणी करेल.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी मागा. एक, उंबरठा. ड्रॅग ५१ टक्क्यांवर चालत असेल तर संस्थापक एकटाच पुरे. ७५ असेल तर त्याला आणखी कुणाची तरी साथ लागते. दोन, किमान भाव. ‘४०० च्या खाली ड्रॅग नाही’ एवढं एक वाक्य तुमचे दीड लाख वाचवतं. तीन, हमीची मर्यादा. विक्रीनंतर जुना कर किंवा दावा निघाला तर खरेदीदार विक्रेत्यांकडे पैसे मागतो. तुमची हमी ‘हे शेअर्स माझेच आहेत’ इथपर्यंतच असावी, आणि जबाबदारी हातात आलेल्या रकमेच्या पुढे जाऊ नये. खरेदीदार हा संस्थापकाचाच नातेवाईक किंवा त्याची दुसरी कंपनी नसावा, हेही लिहून घ्या.

करार आहे, पण नियमावलीत आहे का?

इथेच लोक सर्वात जास्त फसतात. १९९१ मध्ये व्ही. बी. रंगराज विरुद्ध व्ही. बी. गोपालकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी कंपनीत शेअर हस्तांतरणावरचं बंधन कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे नियमावलीत, नसेल तर ते कंपनीवर किंवा भागधारकांवर बंधनकारक नाही. म्हणजे मित्रासोबत केलेला सुंदर करार कपाटात, आणि शेअर्स तिसऱ्याच्या नावावर!

तपासणं अवघड नाही. कंपनी कायद्याच्या कलम १७ नुसार भागधारकाने ठरलेली फी भरून मागणी केली की कंपनीने सात दिवसांत आर्टिकल्सची प्रत द्यायची असते. एक ईमेल टाका. प्रत आली की त्यात प्री-एम्प्शन आणि टॅग शोधा आणि करारातल्या शब्दांशी जुळवा. करारात आहे पण आर्टिकल्समध्ये नाही, असं दिसलं तर दुरुस्तीचा विशेष ठराव आताच मागा, म्हणजे खरेदीदार दारात यायच्या आधी. तेव्हा तुमचं कुणी ऐकेल. नंतर त्या ठरावाला तुमचे १५ टक्के पुरणार नाहीत.

पुढच्या भागात भेटूच. तोवर ती पीडीएफ उघडा आणि प्रत्येक ‘राइट’ शेजारी पेन्सिलने लिहा: कोणाचा, कोणावर.