मसाला नेमका कितीला पडतो?

धने २०० रुपये किलो आणि धनेपुडीचं १०० ग्रॅमचं पाकीट ४० रुपयांना. भाव गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात, पण हिशेबापुरते हे धरले तर धने ग्रॅमला २० पैसे आणि पूड ४० पैसे पडते. म्हणजे पूड दुप्पट महाग, असं कोणीही म्हणेल. पण धने काही तसेच भाजीत पडत नाहीत. ते निवडताना खडे-काड्या निघतात, भाजताना ओल उडते, दळून चाळल्यावर वर कोंडा राहतो. १०० ग्रॅम धन्यांची साधारण ९० ग्रॅम पूड होते असं धरलं, तर घरची पूड ग्रॅमला २२ पैसे पडते.

चौघांच्या घरात रोज दोन भाज्या आणि प्रत्येकीत एक चहाचा चमचा धनेपूड, म्हणजे दोन ग्रॅम. महिन्याला १२० ग्रॅम झाले. घरी केलेल्या पुडीला २७ रुपये, पाकिटाला ४८. महिनाभराची बचत सुमारे एका वडापावाची! त्यासाठी भाजणं, दळणं आणि मिक्सर पुसणं ज्याला जमेल त्याने करावं. चव नक्कीच उजवी लागते.

गरम मसाल्याचा हिशेब मात्र वेगळ्या वाटेने जातो.

१०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला ९० पैसे. घरी करायचा तर २० ग्रॅम धने, १० ग्रॅम जिरे, ८ ग्रॅम मिरी, ६ ग्रॅम दालचिनी आणि प्रत्येकी तीन ग्रॅम लवंग व वेलची. लहान पुड्यांच्या भावाने हे सगळं ३५ रुपयांच्या आसपास जातं. त्यातले १२ रुपये एकट्या वेलचीचे. घट जाऊन ४५ ग्रॅम मसाला हाती येतो, ग्रॅमला ७८ पैशांनी. फरक अवघा १२ पैशांचा. शिवाय पाकिटात घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. धने-जिरे आधी आणि लवंग-वेलची अगदी शेवटी दिसली, तर महाग जिन्नस त्यात बेताचेच आहेत हे कळतं.

खरा खर्च लपलेला असतो तो डब्यात उरलेल्या मसाल्यात. गरम मसाला रोज लागत नाही. आठवड्यातून तीनदा अर्धा चमचा, म्हणजे एकेक ग्रॅम घातला, तर महिन्याला १२-१३ ग्रॅम संपतो आणि एक पाकीट आठ महिने पुरतं. मसाल्याचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. अख्ख्या लवंगेत किंवा मिरीत ते आतल्या पेशींत बंद राहतं. दळलं की पेशी फुटतात, हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि तेल उडू लागतं. त्यात मसाल्याचा डबा बहुतेक घरांत शेगडीशेजारी, वाफ आणि उष्णता दोन्ही लागेल अशा जागी. चौथ्या-पाचव्या महिन्यात वास मंदावला की हात आपोआप सैल होतो आणि अर्ध्याऐवजी एक चमचा पडतो. मग ९० पैशांचं काम १ रुपया ८० पैशांत होतं, आणि तरी आमटीला लवंगेची धार येत नाही ती नाहीच.

म्हणून कमी लागणारा मसाला ४०-५० ग्रॅमच करावा. खडे पूर्ण गार झाल्यावरच दळावेत आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा. भांडं तापलं की वास स्वयंपाकघरात पसरतो, तेवढा मसाल्यातून गेलेला असतो.

अर्थात खडा मसाला नेहमी ताजाच असतो असं नाही. चांगल्या लवंगेचा देठ नखाने दाबला की तेल ओलसर दिसतं. कोरडी, हलकी लवंग पाण्यात टाकली तर आडवी तरंगते. वेलचीच्या हिरव्यागार सालीवर भुलू नये, फोडून पाहावी. आतले दाणे काळे आणि किंचित चिकट हवेत. तपकिरी, सुकलेले निघाले तर ती जुनी. पुडीची परीक्षा तळहातावर: चिमूटभर चोळून वास घ्यायचा. नाकाशी नेल्याशिवाय काहीच कळत नसेल तर तिचे दिवस भरले.

खड्यांचाही एक तोटा आहे. पुलावात टाकलेल्या लवंगा आणि वेलच्या ताटाच्या कडेला काढून ठेवल्या जातात आणि त्यांच्यातलं बरंचसं तेल तसंच फुकट जातं. तेच जिन्नस दळून घातले तर कमी लागतात. फोडणीत खडे तेलात आधी तडतडू दिले, तर निदान वास तेलात उतरतो.

आणि हळद? ती पूड म्हणूनच घ्यावी. वाळलेलं हळकुंड दगडासारखं असतं, घरच्या मिक्सरचं पातं त्याच्याशी झुंजताना आधी वाकतं. एका चमच्याच्या हिशेबात पात्याची किंमत कुठे धरायची?