सूर्य जवळ असतो तेव्हाच थंडी का?

गेली काही वर्षे एक निरोप व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. पृथ्वी सूर्यापासून एरवी 9 कोटी किलोमीटरवर असते, आता ती 15 कोटी 20 लाखांवर जाणार, म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत विलक्षण थंडी पडेल, तेव्हा गरम पाणी प्या! यातला दुसरा आकडा खरा आहे. पहिला मात्र इतका चुकीचा आहे, की तो मानला तर पृथ्वी शुक्राच्याही आत जाऊन बसेल. शुक्र सूर्यापासून सुमारे 10 कोटी 80 लाख किलोमीटरवर आहे.

खरे आकडे असे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे उपसूर्य बिंदूला असते. तेव्हाचे अंतर सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती अपसूर्य बिंदूला, सुमारे 15 कोटी 21 लाखांवर असते. म्हणजे नागपूरकर शेकोटीपाशी बसतात तेव्हाच सूर्य आपल्याला सर्वांत जवळ असतो. त्याच जानेवारीत सिडनीत कडक उन्हाळा असतो. ऋतू अंतरामुळे होत असते, तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा आला असता.

तरीही ही समजूत सुटत नाही. 1987च्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्डचे विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा 23 जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण विचारले होते. 21 जणांच्या उत्तरांत गैरसमज निघाले. मला यात पाठ्यपुस्तकातल्या चित्राचा मोठा वाटा दिसतो. कक्षा तिरकस कोनातून दाखवायची म्हणून ती अंड्यासारखी लांबट काढतात आणि मुलांच्या मनात तोच आकार बसतो. प्रत्यक्षात दहा सेंटिमीटर त्रिज्येची कक्षा कागदावर काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांतला फरक पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत लपून जाईल. सूर्य तेवढा मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर सरकलेला दिसेल. शिक्षकांनी कंपास घेऊन फळ्यावर सरळ वर्तुळच काढावे. ते पुस्तकातल्या चित्रापेक्षा खरे ठरेल.

खरे कारण पृथ्वीच्या आसाच्या कलात आहे. आस सुमारे 23.4 अंश कललेला आहे आणि वर्षभर त्याचे टोक ध्रुवताऱ्याकडेच राहते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर. इथे एक नवा गैरसमज शिरतो : झुकलेला भाग सूर्याच्या जवळ जातो म्हणून तापतो. ही जवळीक फार तर काही हजार किलोमीटरची. पंधरा कोटींपुढे ती नगण्य आहे. फरक पडतो तो किरणांच्या कोनाने आणि दिवसाच्या लांबीने.

नागपूरचाच हिशेब करू. 21 जूनला माध्यान्ही सूर्य तिथे जवळजवळ डोक्यावर असतो. 21 डिसेंबरला तो क्षितिजापासून जेमतेम 45 अंशांवर येतो. त्या कोनात एक चौरस मीटर छेदाचा उन्हाचा झोत जमिनीवर सुमारे 1.4 चौरस मीटरवर पसरतो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला कमी ऊर्जा येते. शिवाय जूनचा दिवस डिसेंबरच्या दिवसापेक्षा अडीच तासांनी मोठा. ढग आणि हवा बाजूला ठेवून दिवसभराची बेरीज केली, तर डिसेंबरच्या वाट्याला जूनच्या सुमारे 63 टक्के ऊर्जा येते. यात अंतराचा परिणाम धरलेला आहे. तो वगळला, तर हा आकडा 59 टक्क्यांवर उतरतो. म्हणजे सूर्याची जवळीक आपली थंडी किंचित सौम्यच करते.

मग नागपूर मे महिन्यात सर्वाधिक का तापते? मेअखेरीस सूर्य तिथे बरोबर माथ्यावर येतो, आकाश निरभ्र असते आणि जमीन कोरडी. जूनमध्ये कलाचे गणित तसेच राहते, पण मोसमी ढग ऊन अडवतात.

अंतराचा परिणाम शून्य नाही. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे 7 टक्के जास्त ऊन मिळते. तरीही संपूर्ण पृथ्वीचे सरासरी तापमान जुलैतच अधिक असते. उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे आणि ती समुद्रापेक्षा लवकर तापते. मंगळावर मात्र अंतराला खरे वजन आहे. त्याची कक्षा इतकी लांबट आहे, की उपसूर्याला त्याला अपसूर्यापेक्षा सुमारे 45 टक्के जास्त ऊन मिळते, आणि म्हणून त्याच्या दक्षिण गोलार्धातला उन्हाळा उत्तरेपेक्षा आखूड आणि तीव्र असतो. त्याचा आसही सुमारे 25 अंश कललेला आहे. तिथे दोन्ही कारणे मिळून ऋतू घडवतात.

येत्या 21 डिसेंबरला नागपूरच्या वाचकांनी सव्वाबाराच्या सुमारास एक मीटरची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करून तिची सावली मोजावी. ती जवळजवळ काठीइतकीच, सुमारे 99 सेंटिमीटर भरेल. पुण्यात ती साडेबारानंतर मोजावी. तिथे 90 सेंटिमीटर येईल. 21 जूनला ऊन सापडलेच, तर नागपुरात तीच सावली चार सेंटिमीटरची असेल, आणि पडेल दक्षिणेकडे.