पूर्ण स्क्रीन की एकच विंडो?

एक्सेल शिकवणाऱ्या एखाद्या व्हिडिओत शिकवणारी सांगते, "तारखांच्या कॉलमवर राइट क्लिक करा, फॉरमॅट सेल्स घ्या, डावीकडच्या यादीतलं डेट निवडा आणि ओके म्हणा." आवाज स्पष्ट असतो, सूचना बरोबर असतात. स्क्रीनवर मात्र तक्ता होता तसाच राहतो आणि थोड्या वेळानं तारखांचं रूप अचानक बदलतं. मेन्यू उघडलेला दिसत नाही, यादी दिसत नाही, ओकेचं बटणही दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी सुटलं. तो मागे जाऊन पुन्हा बघतो आणि शेवटी दुसरा व्हिडिओ शोधतो.

यात शिकवणारीच्या एक्सेलचा दोष नाही. तिनं रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं आणि त्यात 'सोर्स' जोडताना विंडो कॅप्चर निवडलं. ओबीएसला काय टिपायचं ते सोर्समधून सांगावं लागतं. डिस्प्ले कॅप्चर निवडलं की मॉनिटरवर जे जे दिसतं ते सगळं टिपलं जातं. विंडो कॅप्चर निवडलं की यादीतून निवडलेली एकच विंडो टिपली जाते. ऐकायला दुसरा पर्याय जास्त नेटका वाटतो, कारण त्यात टास्कबार नाही, डेस्कटॉपवरच्या फाइली नाहीत आणि मध्येच टपकणारा व्हॉट्सअ‍ॅपचा निरोपही नाही. एक्सेलवर दुसरी विंडो आली तरी रेकॉर्डिंगमध्ये एक्सेलच दिसत राहतं.

गोम अशी की आपण जिला एक विंडो म्हणतो, ती विंडोजच्या लेखी अनेकदा एक नसते. राइट क्लिकचा मेन्यू, फॉरमॅट सेल्सचा डायलॉग, फाइल उघडण्याची चौकट, माउस थांबवल्यावर येणारी पिवळट-पांढरी टीप, यांतली प्रत्येक गोष्ट विंडोजच्या हिशेबात स्वतंत्र विंडो असते. ती एक्सेलच्या वर येऊन बसते म्हणून आपल्याला ती एक्सेलचाच भाग वाटते. ओबीएसला मात्र नेमून दिलेली विंडोच घ्यायची असते, म्हणून ते वरचं सगळं वगळतं. ब्राउझरमध्येही राइट क्लिकच्या मेन्यूची तीच गत होते. कॅप्चरची पद्धत बदलून हे सुटत नाही. विंडो कॅप्चरच्या Capture Method मध्ये BitBlt ऐवजी Windows 10 (1903 and up) निवडलं तर क्रोमसारख्या ब्राउझरची काळी दिसणारी विंडो दिसू लागते, हे खरं. पण मेन्यू तरीही येत नाहीत.

एक्सेलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. 2013च्या आवृत्तीपासून प्रत्येक वर्कबुक आपापल्या वेगळ्या विंडोत उघडतं. सोसायटीच्या सभासदांची यादी एका फाइलमध्ये आणि देखभाल खर्चाच्या पावत्या दुसऱ्या फाइलमध्ये असतील आणि तुम्ही व्हीलुकअपनं दोन्ही जोडून दाखवत असाल, तर त्यातली एकच फाइल रेकॉर्ड होईल. शिवाय विंडो कॅप्चरमध्ये खासगीपणाची हमी वाटते तेवढी पक्की नसते. ओबीएस विंडो ओळखताना तिच्या शीर्षकाचा आधार घेतं. दुसऱ्या दिवशी त्या नावाची फाइल उघडी नसेल, तर Window Match Priority मधल्या निवडीनुसार ते त्याच प्रकारची दुसरी विंडो पकडू शकतं. ती तुमच्या घरखर्चाची फाइलही असू शकते. हे टाळायचं तर तिथे Window title must match निवडावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मेन्यू आणि डायलॉग दाखवून शिकवायचं असेल तर डिस्प्ले कॅप्चरच घ्यावं. राहिला प्रश्न टास्कबार, निरोप आणि पसाऱ्याचा. त्यावर एक सोपी युक्ती आहे, ती म्हणजे डिस्प्ले कॅप्चर घ्यायचं, पण मॉनिटरचा एक कोपराच रेकॉर्ड करायचा.

समजा मॉनिटर 1920×1080चा आहे. ओबीएसच्या Settings मध्ये Video या भागात Base (Canvas) Resolution आणि Output (Scaled) Resolution दोन्हींत 1280x720 टाका. मग सोर्समध्ये डिस्प्ले कॅप्चर जोडा, ते निवडलेलं असताना Ctrl+R दाबा. आता चित्र लहान-मोठं न होता मूळ आकारात, वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून बसतं. कॅनव्हासच्या बाहेर जे उरतं ते रेकॉर्ड होत नाही. एक्सेलची विंडो मॅक्सिमाइझ न करता मॉनिटरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा आणि प्रिव्ह्यूमध्ये ती कडेपर्यंत भरेल इतकी ओढा.

असं केल्यावर मॉनिटरच्या उजव्या बाजूला 640 पिक्सेलची पट्टी उरते आणि खाली 360 पिक्सेलची. उजव्या पट्टीत ओबीएसची विंडो किंवा बोलण्याचे मुद्दे लिहिलेली नोटपॅड ठेवता येते. टास्कबार खाली राहतो, म्हणजे चौकटीबाहेर. विंडोजचे निरोपही उजव्या खालच्या कोपऱ्यात येतात, तेही बाहेर. (तरीही 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करावं, निरोपाचा टिंग आवाज रेकॉर्डिंगमध्ये कशाला?) मेन्यू आणि डायलॉग मात्र एक्सेलच्या वरच उघडतात, म्हणून ते आत राहतात. एखादा डायलॉग कडेला उघडला तर तो ओढून मध्ये आणायचा.

या रीतीचा दुसरा फायदा अक्षरांना होतो. विंडो कॅप्चरमध्ये 900 पिक्सेल उंचीची विंडो 1080च्या कॅनव्हासवर ताणून बसवली की प्रत्येक पिक्सेलचे 1.2 पिक्सेल करायचा प्रयत्न होतो. त्यात तक्त्याच्या बारीक रेषा आणि आकडे धुरकट होतात. इथे एका पिक्सेलला एकच पिक्सेल मिळतो, म्हणून अक्षर कोरीव राहतं. बघणारे बहुधा मोबाइलवर असतात हे धरून एक्सेलचा झूम 150 टक्क्यांपर्यंत वाढवावा.

लॅपटॉपचा पडदा 1366×768चा असेल तर ही युक्ती जमत नाही, बाजूला जागाच उरत नाही. तिथे कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही 1366x768 ठेवून पूर्ण स्क्रीन घ्यावी. रेकॉर्डिंगसाठी विंडोजमध्ये वेगळं युजर अकाउंट केलं तर डेस्कटॉपचा पसाराही प्रश्न राहत नाही. डिस्प्ले कॅप्चर पूर्ण काळं दिसत असेल तर लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत का ते बघावं. अशा वेळी विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएससाठी वीज वाचवणारी चिप निवडल्यावर चित्र बहुतेक वेळा परत येतं. आणि सॉफ्टवेअर बसवताना स्क्रीन अंधारून परवानगी विचारणारी चौकट येते, ती डिस्प्ले कॅप्चरमध्येही टिपली जात नाही. ती मोबाइलच्या फोटोनं दाखवावी किंवा नुसती सांगावी.

मॅकवाल्यांची यातून बरीचशी सुटका आहे. अलीकडच्या macOS वर ओबीएसमध्ये एका अ‍ॅपच्या सगळ्या विंडो एकत्र टिपण्याचा तिसरा पर्याय मिळतो.

मग विंडो कॅप्चर घ्यावं तरी केव्हा? जिथे सगळं काम एकाच विंडोत चालतं तिथे. व्हाइटबोर्डवर आकृती काढताना किंवा टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करताना ते उत्तम, आणि अशा वेळी त्याच विंडोखाली बाकी काहीही उघडं असलं तरी चालतं. फक्त ती विंडो मिनिमाइझ करू नये, केली की चित्र थिजतं.

कुठलाही पर्याय घेतला तरी मुख्य रेकॉर्डिंगआधी दहा सेकंदांची चाचणी घ्या. प्रिव्ह्यूवर विसंबू नका, कारण बघायला ओबीएसवर क्लिक केलं की मेन्यू मिटतो. रेकॉर्डिंग सुरू करा, एकदा राइट क्लिक करा, एक डायलॉग उघडून बंद करा, थांबवा आणि ती फाइल चालवून बघा.