माझी झोप चोरल्याची फिर्याद

आवडत्या माणसाला ‘तू माझी झोप उडवलीस’ असे सांगायची आपल्याकडे जुनी रीत आहे. हेच सांगणे अर्जाच्या भाषेत, विषय आणि मुद्देमालासह लिहिले की त्याची लटकी फिर्याद होते. गेल्या वर्षी माझ्या भाचीने असे पत्र लिहायला घेतले तेव्हा तिचा पहिला खर्डा मी वाचला. ‘तुझ्यामुळे मला झोप येत नाही, कामात लक्ष लागत नाही, दिवसरात्र तूच दिसतोस.’ सगळे खरे होते आणि तरी पत्र निर्जीव होते. ते कोणीही कोणालाही लिहिले असते.

मी तिला विचारले, चोरी नेमकी कधी झाली? ती थोडा वेळ गप्प राहिली, मग सांगू लागली. रविवारी ट्रेकचा ग्रुप हरिहर गडावर गेला होता. उतरल्यावर पायथ्याशी त्या मुलाने एक संत्रे सोलले, फोडींच्या पांढऱ्या शिरा एकेक करून काढल्या आणि अर्धे संत्रे तिला दिले. बस, एवढेच. मी म्हटले, पत्र इथून सुरू कर.

झोप आणि लक्ष या दोनच वस्तू अशा पत्रांत का हरवतात, याचे उत्तर फार जुने आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात प्रेमात पडलेल्या माणसाच्या दहा अवस्था क्रमाने सांगितल्या आहेत. सुरुवात नजरेला आवडण्यापासून होते आणि शेवट मरणापर्यंत जातो. त्यात चौथी अवस्था निद्राच्छेद, म्हणजे झोप तुटणे, आणि सहावी म्हणजे इतर विषयांवरून मन उडणे. पहिल्या तीन अवस्था आतल्या आत घडतात. झोप गेली की मात्र डोळे सांगतात, आणि लक्ष गेले की घरातल्यांना व ऑफिसातल्यांना कळते. फिर्यादीला पुरावा लागतो, आणि दाखवण्याजोगा पुरावा इथेच पहिल्यांदा हाती येतो.

तक्रारीच्या आडून माया सांगण्याचा मराठी नमुना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तो म्हणजे गौळण. एकनाथांच्या गौळणी घ्या किंवा तमाशातली गणानंतरची गौळण घ्या. कान्ह्याने दही खाल्ले, माठ फोडला, वाट अडवली, अशी गाऱ्हाणी गवळणी करतात, कधी त्यालाच ऐकवतात, कधी थेट यशोदेच्या दारात नेतात. पण कृष्णाला खरोखर बांधून ठेवले तर सर्वांत आधी त्याच कासावीस होतील, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. नुकसानभरपाई नको असलेली तक्रार ही या प्रकाराची खूण आहे. तुमच्या पत्रात भरपाईची खरी मागणी डोकावली, की ते गौळण राहत नाही, भांडण होते.

कायद्याच्या कसोटीवर ही फिर्याद टिकत नाही, आणि तिची गोडी तिथेच आहे. १ जुलै २०२४ पासून चोरीची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. चोरी ठरायला जंगम वस्तू लागते, ती ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या संमतीवाचून हलवावी लागते आणि त्यामागे अप्रामाणिक हेतू लागतो. झोप ही जंगम वस्तू नव्हे. हेतूचे म्हणाल तर त्या मुलाने फक्त संत्रे सोलले होते. आरोपी निर्दोष आहे हे फिर्यादीला मनातून पक्के माहीत असते आणि पत्राच्या ओळीओळीतून ते समोरच्याला कळावे लागते. ‘तू मुद्दाम मला छळतोस’ असे एक वाक्य आत शिरले तरी लटका आरोप खरा होतो आणि वाचणारा सावध होतो.

दोन संध्याकाळी खाडाखोड करून झालेले भाचीचे पत्र तिच्या परवानगीने देते :

‘प्रति, रविवारच्या रांगेत पुढून तिसरे चालणारे गृहस्थ. विषय : झोप व लक्ष चोरीस गेल्याबाबत. महोदय, वरील विषयी अर्ज करते की, गेल्या रविवारी हरिहरच्या पायथ्याशी आपण एक संत्रे सोलले, त्याच्या शिरा काढल्या व अर्धे मला दिले. तेव्हापासून माझा पुढील माल गहाळ आहे. झोप, दररोज अडीच तास, रात्री अकरा ते दीड. लक्ष, एक नग. परिणामी मंगळवारी पोह्यांत मीठ दोनदा पडले, बुधवारी उतरायचा थांबा मागे राहिला आणि गुरुवारी एका बिलावर रविवारची तारीख पडली. उरलेले अर्धे संत्रे आपण जागीच खाल्ल्याने पुरावा नष्ट केल्याचाही संशय आहे. गेलेला माल परत मिळावा अशी अर्जदाराची मागणी नाही. सबब, शनिवारी सायंकाळी चहाच्या वेळी चौकशीकामी हजर राहावे. जमत नसल्यास तसे कळवावे, तक्रार बिनशर्त मागे घेण्यात येईल. आपली, फिर्यादी.’

यातला सर्वांत चांगला शब्द मला ‘एक नग’ वाटतो. लक्षासारखी न मोजता येणारी गोष्ट ठाण्यातल्या कारकुनाच्या हिशेबाने मोजली की हसू येते. पण तसला शब्द एकदाच शोभतो. तिच्या मधल्या खर्ड्यात पंचनामा, जामीन, तारीख, वकील, सगळे आले होते आणि संत्रे त्या गर्दीत दिसेनासे झाले होते. आम्ही ते शब्द काढले. चुकांची यादी मात्र पूर्ण ठेवली, कारण मीठ, थांबा आणि तारीख या तिन्ही गोष्टी खरोखर घडल्या होत्या. खोट्या चुका वाचणाऱ्याला लगेच जाणवतात. तशा चुका कोणाच्याही नावावर खपतात. त्याच्या दिसण्याबद्दल पत्रात एक शब्द नाही, तोही विचारपूर्वकच. सगळी उलथापालथ लिहिणारीच्या घरात आणि ऑफिसात झाली आहे. त्याच्याकडे फक्त संत्रे आहे, आणि त्याचे ओझे वाटत नाही.

सर्वाधिक वेळ शेवटच्या दोन वाक्यांवर गेला. आधी तिथे होते, ‘माझी झोप परत दे, नाहीतर तुझीही घेईन.’ ऐकायला ते गोड होते, पण त्यावर तो काय करणार? चहा ही लहान मागणी आहे. तिला हो म्हणणे सोपे आहे आणि नाही म्हणणेही सोपे आहे. ‘बिनशर्त मागे’ हे शब्द आल्यावर नकार देणाऱ्याला खुलासे द्यावे लागत नाहीत. असे पत्र ओळख असलेल्या, आधी चार गोष्टी हसून बोललेल्या माणसालाच पाठवावे. अनोळखी माणसाच्या हातात ‘मी रोज दीडपर्यंत तुमचा विचार करते’ हा कागद पडला तर तो घाबरेल, आणि त्याचे घाबरणे रास्त असेल.

तो शनिवारी आला. पुढचे त्या दोघांचे आहे.

तुम्हीही असे पत्र लिहिणार असाल तर शेवटच्या ओळीत दिलेला शब्द पाळा. स्त्रीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, तर त्याच संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा ठरतो, आणि त्यात काहीच लटके नसते. नकार कोणाकडूनही कोणालाही येवो, तो आला की तक्रार त्याच दिवशी मागे घ्या आणि दुसरा अर्ज लिहू नका.